फायबरच्या केबलसाठी घरमालकाला केलेला मेसेज

पहिला मेसेज एका ओळीचा होता: "काका, फायबर घ्यायचंय, चालेल ना?" पाच मिनिटांत उत्तर आलं, "भिंतीला भोक नको बरं." विषय संपला.

फ्लॅट नांदेडला, तरोडा भागात दुसऱ्या मजल्यावर, आणि घरमालक परभणीला. त्यांना इंटरनेटचं काही वावडं नव्हतं. आधीच्या भाडेकरूच्या डिशवाल्यानं हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला भोक पाडलं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे ओल आली होती. त्यामुळे 'फायबर' म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर ती ओल उभी राहिली. माझ्या मेसेजमध्ये भोक कुठे, केवढं आणि नंतर बुजवणार कोण, यातलं काहीच नव्हतं. माहितीच नसेल तर माणूस 'नको' म्हणून मोकळा होतो.

म्हणून दुसरा मेसेज लिहायच्या आधी रस्ता बघून घेतला. कंपनीच्या माणसाला नुसतं पाहणीला बोलावता येतं, त्याचे बहुधा पैसे लागत नाहीत. त्याच्याबरोबर तीन रस्ते पाहिले.

एक रस्ता सरकत्या खिडकीच्या फटीतून. भोक लागत नाही म्हणून हा सगळ्यांना आवडतो, पण खिडकी रोज सरकते आणि केबल चेपते. आत काचेचा केसाएवढा धागा असतो. तो लगेच तुटत नाही, महिना-दोन महिन्यांनी दगा देतो. शिवाय खिडकी पूर्ण लागत नाही, म्हणजे डासांची सोय.

दुसरा रस्ता डिशच्या जुन्या भोकातून. नवं भोक नाही, म्हणजे मालकही खूश. पण ती वायर गच्चीवरून खाली येते आणि सरळ भोकात शिरते. ओल नेमकी याच कारणानं आली होती. पावसाचं पाणी वायरीच्या अंगावरून ओघळत येतं आणि वायरीबरोबरच भिंतीत जातं. भोकाच्या खाली वायरीला झोळ दिलेला असता तर पाणी तिथेच ठिबकून गेलं असतं. फायबरची केबलही गच्चीवरूनच आणली असती तर तेच झालं असतं. त्यात आमच्याकडे वानरं गच्चीवरच्या वायरींना लोंबकळतात, हा वेगळाच प्रश्न.

तिसरा रस्ता खांबावरून सरळ बाल्कनीच्या ग्रिलला, आणि तिथून बाल्कनी व हॉलच्या मधल्या भिंतीतून आत. ही भिंत वरच्या स्लॅबखाली आहे, पाऊस तिथवर येत नाही. पण नवं भोक लागतं. मला हाच रस्ता योग्य वाटला. म्हणजे ज्यांनी 'भोक नको' म्हटलं, त्यांनाच भोकासाठी राजी करायचं होतं.

भोकाची जागाही आधीच ठरवली. दार-खिडकीच्या वर लिंटल असतं, कोपऱ्यात कॉलम असतो. दोन्ही काँक्रीटचे, तिथे हात लावायचा नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भिंतीतून विजेचा पाइप गेलेला असतो, म्हणून त्या रेषेपासून फूटभर बाजूला सरकायचं. आमच्याकडे टीव्हीच्या बोर्डापासून दीड फूट बाजूला आणि फरशीपासून एक फूट वर जागा मिळाली. तिथे पेन्सिलीनं फुली मारली आणि दोन फोटो काढले. एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. दुसरा लांबून, भिंत कोणती ते कळेल असा.

आता भोक केवढं. फायबरची चपटी केबल साधारण 2 बाय 3 मिमी असते. लटकवायची तार तिला चिकटलेली असेल तर 2 बाय 5. तिच्यासाठी 10 मिमीचं भोक भरपूर झालं. पण केबलला कनेक्टर आधीच लावलेला असेल तर तो यातून जात नाही, आणि मग ड्रिलवाला मोठा बिट काढतो. म्हणून पाहणीच्या वेळीच सांगून ठेवलं की केबल उघडी आत घ्यायची आणि कनेक्टर आतल्या बाजूला बसवायचा. बिट तीन सुती, म्हणजे जवळपास साडेनऊ मिमी. 'सूत' मिस्त्रीलाही कळतो आणि मालकालाही. मिलिमीटर कागदावरच राहतात.

मग हा मेसेज गेला, फोटोंसकट:

"नमस्कार काका. फायबर इंटरनेटची केबल फ्लॅटमध्ये घ्यायला आपली परवानगी हवी आहे. आपण भोक नको म्हणालात ते डिशच्या भिंतीला आलेल्या ओलीमुळे, हे माझ्या लक्षात आलं. ती भिंत पावसाच्या तोंडाची आहे आणि वायर वरून येते. त्या भिंतीला मी हात लावणार नाही.

केबल खांबावरून बाल्कनीच्या ग्रिलला येईल. बाल्कनी आणि हॉलच्या मधल्या भिंतीत एकच भोक लागेल, तीन सुती. शिसपेन्सिल जाईल, करंगळी जाणार नाही. जागेवर फुली मारून फोटो पाठवले आहेत. वर स्लॅब असल्यामुळे तिथे पाऊस लागत नाही. भोक हॉलमधून बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलं जाईल आणि केबल घातल्यावर सिलिकॉननं बंद केलं जाईल. आत खिळे नाहीत, टीव्हीच्या मागे केबल झाकणारी चार फूट पट्टी येईल.

कनेक्शन आणि बिल माझ्या नावावर राहील. घर सोडताना कंपनीचं मशीन मी परत करीन. केबल ठेवायची की काढायची ते आपण सांगाल तसं. काढायची असेल तर भोक व्हाइट सिमेंट आणि पुट्टीनं बुजवून तेवढ्या जागेला रंग लावून देईन, माझ्या खर्चानं.

नवं भोक नकोच असेल तर डिशच्या भोकातून घेता येईल, पण तिथे पुन्हा पाणी येण्याची भीती आहे. दोन्हीपैकी जे योग्य वाटेल ते कळवा. काम रविवारी सकाळी अर्धा-पाऊण तासाचं आहे."

शेवटच्या परिच्छेदावर मी बराच विचार केला होता. फक्त एकच गोष्ट मागितली की उत्तर हो किंवा नाही. दोन रस्ते आणि त्यातला आपल्याला कोणता बरा वाटतो व का, हे सांगितलं की मालक त्यात स्वतःचा निर्णय घेतात. दुसरं, काम चालू असताना काही अडलं तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. नाहीतर ड्रिलवाला दारात उभा, मालक फोन उचलत नाहीत, आणि तो म्हणतो "पाडू का मॅडम, दुसरं गिऱ्हाईक वाट बघतंय."

काकांचा फोन आला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. फायबरमधून करंट येतो का, आणि वीज पडली तर? काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, डिशच्या किंवा जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या वायरीसारखं ते नाही. पण केबलला चिकटलेली लटकवायची तार लोखंडी असू शकते. ती ग्रिलपाशीच वेगळी करून बांधायची आणि आत फक्त केबल न्यायची. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बाल्कनीतूनच घ्या. अन् ती फुली सोडून दुसरीकडं नको."

फोनवर झालेलं बोलणं डिपॉझिटच्या वेळी कुणालाच आठवत नाही. त्यामुळे फोन ठेवल्यावर लगेच लिहिलं: "काका, आत्ता ठरल्याप्रमाणे बाल्कनीच्या भिंतीत फुलीच्या जागी एक तीन सुती भोक, रविवारी. कृपया ठीक आहे एवढं लिहा." त्यांनी "ठीक आहे" लिहिलं. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात लेखी संमतीशिवाय बदल करायचा नाही असं कलम बहुधा असतंच. आपल्या करारात ते कसं लिहिलंय ते एकदा वाचून घ्यावं.

मालकांची परवानगी घराच्या आतली. खांब ते बाल्कनी केबल पार्किंगवरून जाते, ती जागा सगळ्यांची. सेक्रेटरींना वेगळं विचारलं आणि काकांचं "ठीक आहे" सोबत जोडलं, कारण त्यांचा पहिला प्रश्न "मालकाला विचारलं का?" हाच असतो. त्यांची अट एकच होती: उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत येतो, केबल त्याच्या टपाला लागता कामा नये. रास्त होतं. म्हणून गेटवरून न आणता कंपाउंडच्या कोपऱ्यावरून ओढून घेतली.

रविवारी ड्रिल हॉलच्या बाजूनं लावायला सांगितलं. बिट जिथून बाहेर निघतो तिथे प्लॅस्टरचा कपचा उडतो. तो बाल्कनीत उडाला तर सिलिकॉनखाली झाकला जातो, हॉलमध्ये उडाला तर रंगासकट दिसतो. आतून पाडलं की उतारही आपोआप बाहेरच्या बाजूला देता येतो. शेवटचा इंचभर ड्रिल सावकाश चालवायचं, जोर लावायचा नाही. आमचा कपचा रुपयाच्या नाण्याएवढा निघाला.

बाहेर भोकाच्या खाली वीतभर झोळ ठेवला. स्लॅबखाली पाऊस येत नसला तरी बाल्कनी धुताना पाणी उडतंच.

घोटाळा झाला तो आत. मशीनवर लाइन जोडल्याचा PON चा हिरवा दिवा लागला, सिग्नल तुटल्याचा LOS चा लाल बंद होता, आणि कंपनीचा माणूस आवराआवर करायला लागला. मी केबलमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजायचा मीटर पुन्हा लावायला सांगितलं. भिंतीवर पट्टी बसवण्याआधी उणे 20 डीबीएम होतं, आता उणे 26 आलं. उणे 27-28 च्या खाली गेलं की लाइन तुटत राहते, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो. कारण पट्टीच्या कोपऱ्यात सापडलं. केबल काटकोनात दुमडून वर झाकण दाबलं होतं. तेवढ्या जागी पट्टी कापून केबलला बांगडीच्या गोलाईचं वळण दिलं, तेव्हा आकडा उणे 20 वर परतला. हाच आकडा मशीनच्या पानावर Rx Power नावानं दिसतो. पहिल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवला. पुढे नेट बिघडलं तर दोष भिंतीतल्या केबलचा की बाहेरच्या लाइनचा, हे ठरवायला तो लागतो.

मीटरभर जादा केबल टीव्हीमागे गोल करून ठेवली. उद्या कनेक्टर खराब झाला तर कापून नवा बसवता येईल, भिंतीत ओढाताण करावी लागणार नाही.

संध्याकाळी काकांना तीन फोटो पाठवले: भोक सिलिकॉननं बंद केलेलं, आतली पट्टी, आणि बाल्कनीतला झोळ. त्यांनी झोळाच्या फोटोवर विचारलं, "ही वायर ढिली का सोडली?" पाण्याचं सांगितलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, "डिशवाल्याला पण असाच करायला सांगा."