ताईचं लग्न ठरल्यावर तिचं प्रोफाइल काढताना

ताईची सुपारी फुटली त्याच रात्री मी विवाह संकेतस्थळावर तिचं प्रोफाइल लपवून ठेवलं. काम झालं, असं वाटलं. लपवताना एक महिन्याची मुदत निवडली होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. महिना संपला आणि प्रोफाइल आपोआप पुन्हा दिसायला लागलं. ते नेमकं ताईच्या होणाऱ्या सासरच्या एका नातेवाइकांनी पाहिलं. “अजून स्थळं बघताय का?” असा मिरजेहून मामांना फोन आला. अण्णांचा चेहरा उतरलेला मला आजही आठवतो.

मग ठरवलं, लपवायचं नाही, कायमचं काढायचं. पण थेट खातं बंद केलं नाही. आधी अण्णांचा मोबाइल नंबर सगळ्यांपासून लपवला, मग पाचही फोटो एकेक करून काढले. पत्रिकेची फाइल वेगळी चढवलेली होती, तीही काढली. जन्मवेळ आणि जन्मगाव मात्र माहितीच्या रकान्यात तसंच राहिलं आणि तिथं मला बदल करता येईना. ते पुसण्यासाठी मदत विभागाला मेल केला आणि ते गेल्यावरच खातं डिलीट केलं. ओटीपी अण्णांच्या फोनवर येत होता, म्हणून ते शेजारी बसले होते. डिलीट करताना लग्न ठरल्याची गोष्ट आणि जोडप्याचा फोटो मागितला गेला. ताईला विचारलं, ती नको म्हणाली, मी तो भाग रिकामा सोडला.

दोन दिवसांनी आत्येभावाच्या खात्यातून ताईचा प्रोफाइल क्रमांक शोधून पाहिला. काही सापडलं नाही. तरी फोन थांबेनात! एका काकूंना मी विचारलंच, नंबर कुठून मिळाला? “ग्रुपवर बायोडाटा आलाय की.” विश्रामबागेतल्या आत्यानं वर्षापूर्वी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला तो पीडीएफ. त्यात रास, नक्षत्र, नाडी, जन्मवेळ, मामेकुळ, दोन मोबाइल नंबर, सगळं एकाच पानावर. आत्यानं पुसायचा प्रयत्न केला, पण इतका जुना मेसेज तिच्याकडून सगळ्यांसाठी डिलीट होत नव्हता. ग्रुप अ‍ॅडमिनला मात्र कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. आत्यानं त्यांना फोन केला, त्यांनी लगेच काढला.

ज्यांनी तो आधीच फोनमध्ये उतरवून घेतला किंवा पुढे पाठवला, त्यांच्याकडे तो आहेच, त्याला उपाय नाही. म्हणून अ‍ॅडमिननाच ग्रुपवर एक ओळ टाकायला सांगितली, “या मुलीचं लग्न ठरलं आहे, कृपया फोन करू नये.” वधू-वर सूचक मंडळाच्या वहीतली नोंद अण्णांनी स्वतः जाऊन काट मारून घेतली आणि जोडलेला फोटो परत आणला. त्यानंतरच्या आठवड्यात दोनच फोन आले, दोन्ही आईनं घेतले.