दीड रेशो, तरीही सीसी तुडुंब

सांगलीत साबण आणि बिस्किटांचे वितरण करताना माझी एकच तक्रार असे: ताळेबंद चांगला दिसतो, पण सीसी, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणारे कॅश क्रेडिट खाते, कायम मर्यादेपर्यंत वापरलेले असते. यंदा मर्यादेच्या नूतनीकरणासाठी बँकेने आकडे मागितले, तेव्हा मी ते स्वतः मांडून पाहिले.

31 मार्चला माल 48 लाख, दुकानदारांकडे उधारी 56 लाख, दुकानदारांना दिलेल्या स्कीमपोटी कंपनीकडून येणे असलेले क्लेम 14 लाख आणि रोकड 2 लाख, अशी चालू मालमत्ता 120 लाख होती. सीसी 57, कंपनीचे देणे 19 आणि किरकोळ देणी 4 मिळून चालू देणी 80 लाख झाली. मालमत्तेला देण्यांनी भागल्यावर करंट रेशो 1.5 आला आणि माल वगळल्यावर क्विक रेशो 0.9. मी खूश झालो.

लेखापालांनी मात्र उधारीची वयवार यादी मागितली. त्यात 14 लाख रुपये 90 दिवसांपेक्षा जुने निघाले, जे बँक उचल ठरवताना धरतच नाही. क्लेमपैकी 9 लाख सहा महिन्यांपासून अडकले होते, 5 लाखांचा माल मुदतबाह्य होता, आणि वाहनकर्जाचे येत्या वर्षातले 4 लाखांचे हप्ते मी चालू देण्यांत धरायलाच विसरलो होतो. दुरुस्तीनंतर मालमत्ता 92 आणि देणी 84 लाख राहिली. करंट रेशो 1.10 वर आणि क्विक रेशो 0.58 वर आला. म्हणजे जे पैसे वसूल होत नव्हते, तेच माझा रेशो फुगवत होते.

मग कॅश कन्व्हर्जन सायकल, म्हणजे मालात घातलेला पैसा किती दिवसांनी हातात परत येतो, ते काढले. मालाला रोजच्या 1.60 लाखांच्या खरेदीमूल्याने भागले, तर 30 दिवस आले. उधारीच्या रकमेत जीएसटी असल्याने तिला जीएसटीसह रोजच्या 2 लाखांच्या विक्रीने भागले, तर 28 दिवस. कंपनीची उधारी मिळते 10 दिवसांची. 30 अधिक 28 वजा 10, म्हणजे 48 दिवस. (मार्चअखेर कंपनी टार्गेटसाठी माल लोटते, म्हणून माझे 30 दिवस वर्षभराच्या सरासरीपेक्षा थोडे जास्तच असावेत.) मात्र जुनी उधारी वगळली, तर बाकीचे 42 लाख फक्त 21 दिवसांचे होते. 28 दिवसांत देणारे दुकान जवळजवळ नव्हतेच. बहुतेक जण तीन आठवड्यांत देत होते आणि काही जण देतच नव्हते.

त्या काहींचा माल रोखीवर आणला आणि नियमित दुकानांची वसुली आठवड्यातून दोनदा सुरू केली. तीन महिन्यांत 21 चे 18 दिवस झाले. त्यातून सुटलेले 6 लाख सीसीत भरले. करंट रेशो 1.10 वरच राहिला आणि क्विक रेशो तर 0.55 वर घसरला, कारण एकपेक्षा कमी असलेल्या गुणोत्तरात वरून आणि खालून सारखीच रक्कम वजा केली की ते खालीच येते. पण पुढच्या बिलाच्या दिवशी, बऱ्याच काळानंतर पहिल्यांदाच, माझा चेक मर्यादेच्या आत बसला.