९८.९४६७ चे ९९.० कसे झाले

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात मी प्रयोगशाळेच्या नोंदी तपासण्याचे काम करते. विश्लेषकाची वही, वजनकाट्यातून निघालेली छापील पट्टी, गणनेची एक्सेल शीट आणि शेवटचे प्रमाणपत्र या चार ठिकाणचे आकडे समोर ठेवायचे आणि एकातून दुसरा कसा आला ते पडताळायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. त्या दिवशी माझ्यापुढे सोडियम बायकार्बोनेटच्या एका नव्या लॉटचे कागद आले होते. आमच्या मानकानुसार त्याची शुद्धता ९९.० ते १०१.० टक्के असावी लागते आणि प्रमाणपत्रावर ‘९९.० टक्के, मान्य’ असे लिहिलेले होते. निकाल मर्यादेच्या रेषेवर नेमका टेकलेला दिसला, की मी प्रमाणपत्रापासून उलटी चालत मूळ वाचनापर्यंत जाते. त्यात विश्लेषकाविषयी शंका नसते. मात्र अशा ठिकाणी शेवटच्या अंकाने जरा कूस बदलली तरी ‘मान्य’चे ‘अमान्य’ होते.

टायट्रेशन साधे होते. १.००३५ ग्रॅम नमुना, ०.४९८७ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ब्युरेटचे वाचन २३.७० मिलिलिटर. आमच्या कार्यपद्धतीत बायकार्बोनेटचा रेणुभार ८४.०१ धरलेला आहे. घनफळ, मोलॅरिटी आणि रेणुभार यांचा गुणाकार केला की ९९२.९३ मिलिग्रॅम येतात आणि त्यांना १००३.५ मिलिग्रॅमने भागून शंभराने गुणले, की उत्तर ९८.९४६७ टक्के येते. एका दशांश स्थळापर्यंत आणायचे तर दुसऱ्या स्थळावरचा अंक ४ आहे, म्हणून ते सोडून द्यायचे आणि ९८.९ लिहायचे. प्रमाणपत्रावर मात्र ९९.० होते.

मधला दुवा वहीत सापडला. तिथे निकाल ९८.९५ असा लिहिलेला होता. गणनेच्या शीटमधील खाना दोन दशांश स्थळे दाखवतो, म्हणून पडद्यावर ९८.९५ दिसले आणि तेच वहीत उतरले. प्रमाणपत्राची शीट वेगळी असून तिच्यात निकाल हाताने टंकावा लागत असे. तिथे वहीतले ९८.९५ टाकल्यावर एकाच दशांश स्थळासाठी बांधलेल्या त्या खान्याने ९९.० दाखवले. ९८.९४६७ वरून ९८.९५ आणि ९८.९५ वरून ९९.० या दोन्ही पायऱ्या सुट्या पाहिल्या तर बिनचूक आहेत; त्या एकापाठोपाठ एक चढल्यामुळे उत्तर बिघडले. मी दोन्ही शीट शेजारी उघडल्या आणि दोन्ही खान्यांची दशांश स्थळे आधी दोन केली. दोन्हीकडे ९८.९५ दिसले. मग एक स्थळ कमी केले, तेव्हा एकीकडे ९८.९ आणि दुसरीकडे ९९.० झाले. पडद्यावर सारख्या दिसणाऱ्या या दोन खान्यांपैकी एकाच्या पोटात पूर्ण किंमत होती आणि दुसऱ्याच्या पोटात फक्त टंकलेले ९८.९५ होते.

विश्लेषकाला बोलावले. नुकताच एम.एस्सी. होऊन आलेला, कामाला नीटस मुलगा आहे. तो म्हणाला, “मॅडम, मी सार्थ अंक मोजूनच लिहिलं होतं. २३.७० मध्ये चार, ०.४९८७ मध्ये चार, रेणुभारात चार आणि वजनात पाच. म्हणजे उत्तर चार अंकांत यायला हवं. ९८.९५ चारच होतात ना?”

त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक ज्या राशीत असतात तितकेच उत्तरात ठेवावेत हा नियम सगळ्यांनाच शिकवलेला असतो, आणि २३.७० मधले शेवटचे शून्य त्याने वहीत जपले होते, हेही त्याच्या बाजूने सांगायला हवे. पुष्कळ जण तिथे २३.७ लिहून मोकळे होतात आणि एक अंक विनाकारण गमावतात. परंतु मोजमापाने किती अंक पेलतात हा एक प्रश्न आहे आणि मर्यादेशी तुलना करताना किती अंक ठेवायचे हा दुसरा. मी त्याला मानकातली ओळ पुन्हा वाचायला लावली. खालची मर्यादा ९९.० आहे, तिच्यात तीन सार्थ अंक आहेत, वरची १०१.० आहे, तिच्यात चार. सार्थ अंकच मोजत बसलो तर एकाच मानकाच्या दोन टोकांना दोन वेगळे नियम लावावे लागतील. म्हणून औषधकोशांच्या व्यवहारात निकाल मर्यादेइतक्या दशांश स्थळांवर आणून मग तुलना करतात. ९८.९५ हा आकडा वहीत राहायला हरकत नाही, फक्त पुढच्या राउंडिंगचा उगम तो असू शकत नाही. ते राउंडिंग पूर्ण किमतीवरून आणि एकदाच करायचे असते. भारतीय मानक IS 2 मध्येही हीच सूचना दिलेली आहे, की अंतिम आकडा उपलब्ध असलेल्या सर्वांत अचूक किमतीवरून काढावा, एकामागून एक राउंडिंग करत काढू नये.

त्याने पुढचा प्रश्न चांगला विचारला. शेवटचा अंक नेमका ५ असेल तर IS 2 च्या नियमाने तो जवळच्या सम अंकाकडे न्यायचा असतो आणि युरोपीय किंवा अमेरिकी औषधकोशानुसार वर न्यायचा असतो, मग इथे कोणता नियम धरायचा? मी म्हटले, “आधी बघ, ५ आलाय कुठून.” मूळ ९८.९४६७ मध्ये बरोबरीचा प्रसंगच नाही. दुसऱ्या स्थळी ४ आहे आणि दोन्ही नियमांनी उत्तर ९८.९ हेच येते. तो ५ पहिल्या राउंडिंगने तयार केलेला आहे. शिवाय ९८.९५ मध्ये आधीचा अंक ९ म्हणजे विषम असल्याने सम अंकाच्या नियमानेही ९९.० च येते, त्यामुळे नियम बदलूनसुद्धा ही चूक पकडली गेली नसती.

दुसरे दशांश स्थळ किती तकलादू आहे हे त्याला दाखवण्यासाठी मी रेणुभार ८४.०१ ऐवजी अधिक काटेकोर ८४.००७ घालून गणना करायला सांगितली. उत्तर ९८.९४३२ आले, म्हणजे दोन स्थळांपर्यंत ९८.९४. ज्या ५ च्या जोरावर लॉट मान्य झाला होता, तो रेणुभाराचा तिसरा दशांश धरताच नाहीसा झाला. एका स्थळापर्यंतचे ९८.९ मात्र दोन्ही वेळा जागच्या जागी राहिले.

तोवर बातमी उत्पादन विभागात पोहोचली होती. लॉट अडला तर पावडरची बॅच अडणार होती, त्यामुळे विभागप्रमुख स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन आले. “मॅडम, माझ्याकडे तर ९९.०१ येतंय. राउंडिंगचा प्रश्न येतोच कुठे?” मी त्यांना एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. मोलॅरिटी त्यांनी ०.४९९ घातली होती, कारण आम्लाच्या बाटलीवरच्या लेबलावर तीनच स्थळे छापलेली होती. ०.४९८७ च्या जागी ०.४९९ आले की उत्तर ९९.००६२ होते. फरक जेमतेम ०.०६ टक्क्यांचा आहे, पण या निकालाला मर्यादेच्या पलीकडे नेऊन ठेवायला तेवढा पुरतो. वरवर ही दुसरी चूक वाटते, पण मूळ तेच आहे: मधल्या पायरीवर आकडा छाटायचा आणि पुढची गणना छाटलेल्या आकड्यावरून करायची.

ते माघार घेणारे नव्हते. त्यांचा पुढचा मुद्दा अधिक वजनदार होता. “ब्युरेटचा एक थेंब म्हणजे ०.०५ मिलिलिटर. तेवढ्यानेच निकाल ०.२ टक्क्यांनी हलतो. मग ९८.९ आणि ९९.० मध्ये फरक आहे असं तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?” हिशोब बरोबर होता. २३.७५ वाचले असते तर निकाल ९९.१६ आला असता आणि २३.६५ वाचले असते तर ९८.७४. पन्नास मिलिलिटरच्या ‘अ’ वर्गाच्या ब्युरेटला मुळात ±०.०५ मिलिलिटरची सूट असते. हे सगळे मान्य करूनही निर्णय बदलत नाही, कारण औषधकोशातल्या मर्यादा विश्लेषणातल्या नेहमीच्या त्रुटी जमेस धरूनच ठरवलेल्या असतात आणि त्यांच्यावर आणखी सूट घेता येत नाही. थेंबाच्या अनिश्चिततेचा फायदा ९८.९ ला द्यायचा ठरवला, तर उद्या तोच ९८.८ लाही द्यावा लागेल. शिवाय तीच अनिश्चितता ९९.० म्हणून मान्य झालेल्या लॉटच्या विरोधातही वापरता येते, याची आठवण त्या वेळी कोणाला होत नाही. या आकड्याचा खरा बोध इतकाच होता, की लॉट मर्यादेच्या अगदी काठावर आहे.

दुसरे टायट्रेशन ९९.२ आले होते, म्हणून सरासरी घेण्याची सूचनाही झाली. आमच्या पद्धतीत प्रत्येक निर्धारण स्वतंत्रपणे मर्यादेत बसावे लागते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. प्रमाणपत्र थांबवले, निकाल ९८.९ म्हणून नोंदवला आणि मर्यादेबाहेरच्या निकालाची रीतसर चौकशी सुरू झाली. लॉटचे पुढे काय करायचे हे त्या चौकशीने ठरवायचे होते; माझे काम तिला खरा आकडा पुरवण्याचे होते.

त्यानंतर आम्ही शीट दुरुस्त केली. प्रमाणपत्रातील निकाल हाताने टंकणे बंद झाले आणि तो चारही मूळ राशींवरून एकाच सूत्राने काढला जाऊ लागला. मध्ये कुठेही राउंडिंग नाही. ते फक्त बाहेरच्या कंसाशी, एकदाच होते:

```
=ROUND(B2*B3*B4*100/(B5*1000),1)
```

इथे B2 मध्ये घनफळ, B3 मध्ये मोलॅरिटी, B4 मध्ये रेणुभार आणि B5 मध्ये ग्रॅममधले वजन आहे. एक्सेलचा `Set precision as displayed` हा पर्याय बंद आहे ना, हेही शीट मंजूर करताना पाहायचे ठरले. तो चालू असला तर खान्यात दिसणारा आकडाच खान्याची खरी किंमत होऊन बसतो आणि छाटलेले अंक परत मिळत नाहीत. शीटची चाचणी घेताना आम्ही मुद्दाम याच लॉटचे आकडे घातले, कारण ९९.६३ सारख्या निर्धोक निकालावर जुनी आणि नवी शीट सारखेच उत्तर देतात आणि दोष झाकलेला राहतो.

जुनी प्रमाणपत्रे तपासायची होती, तेव्हा सगळे गठ्ठे उपसायची गरज पडली नाही. दुहेरी राउंडिंगने उत्तर बदलते ते वहीतला दोन स्थळांचा आकडा ५ ने संपतो तेव्हाच, आणि त्यातही मूळ किंमत त्या ५ पेक्षा किंचित कमी असेल तेव्हा. म्हणून आधी दुसऱ्या स्थळी ५ असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि त्यांतून ९८.९५ व १०१.०५ हे दोनच आकडे बाजूला घेतले, कारण मर्यादेचा निर्णय फक्त तिथे उलटू शकतो. वरच्या टोकाला परिणाम उलट्या दिशेने होतो. मूळ १०१.०४६ असेल तर सरळ राउंडिंगने १०१.० येऊन लॉट मान्य होतो, आणि वहीतल्या १०१.०५ वरून केले तर १०१.१ होऊन चांगला माल विनाकारण परत जातो. बाकीच्या नोंदींत ९९.६ च्या जागी ९९.७ छापले गेले असेल तिथे प्रमाणपत्र सुधारायचे, पण निर्णयाला हात लावायचा नाही, असे ठरवून आम्ही ती यादी विश्लेषकाकडे दिली. प्रत्येक नोंदीसमोर मूळ चार राशींवरून काढलेले न छाटलेले उत्तर लिहिण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले होते.