शिफारसपत्र मागणारी मेल

आज एका विद्यार्थिनीची मेल आली. परदेशी अर्जांसाठी शिफारसपत्र हवंय, पहिली मुदत पाच आठवड्यांनी. जीव भांड्यात पडला. एरवी 'सर, उद्यापर्यंत' असतं. सोबत विद्यापीठांची यादी, मार्कशीट, एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या स्वतःच्या उद्देशपत्राचा, कच्चा मसुदा. पण खरा कामाचा एक परिच्छेद: प्रकल्पात सेन्सरचे आकडे दुपारनंतर सरकायचे, तेव्हा तिने तापमानाच्या नोंदी ठेवून कारण शोधलं होतं. 'हुशार, मेहनती' कोणाबद्दलही लिहिता येतं. प्रवेश समितीला असा प्रसंग हवा असतो. लगेच कळवलं: पत्र देतो. फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडून दे, नाहीतर वाचणारे त्याला कमी वजन देतात. आणि माझा ईमेल पत्ता कॉलेजचाच टाक, काही पोर्टल्स जीमेल चालवून घेत नाहीत. पत्र अपलोड करायची लिंक स्पॅममध्ये गेली तर खुशाल आठवण कर.