अठ्ठावीस दिवसांचा हिशोब

‘स्टेटमेंटमध्ये नेमकं काय दिसायला हवं? खात्यात पैसे आहेत, मग व्हिसा का नाकारतात?’

बहुतेक घरांत स्टेटमेंटकडे शेवटच्या ओळीपासून बघायला सुरुवात होते. सत्तावीस लाख दिसले की सगळे निश्चिंत होतात. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी ब्रिटनचा अधिकारी मात्र त्याच कागदावर सर्वांत कमी शिल्लक शोधतो. लागणारी रक्कम सलग २८ दिवस, एकही दिवस न घसरता, खात्यात होती का, एवढंच त्याला तपासायचं असतं. सरासरी काढली जात नाही, आणि शेवटी किती जमले याने मधला खड्डा भरून निघत नाही. इथे ब्रिटनबद्दलच लिहितो आहे, कारण महाराष्ट्रातून मास्टर्सला जाणाऱ्यांचा हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. हे आकडे कॅनडा किंवा जर्मनीला लावू नका.

आधी रक्कम. तिचे दोन भाग असतात. पहिला, पहिल्या वर्षाच्या फीमधली उरलेली रक्कम. विद्यापीठाकडून येणाऱ्या कॅसवर, म्हणजे प्रवेश निश्चित झाल्याच्या कागदावर, एकूण फी आणि भरलेली फी दोन्ही लिहिलेल्या असतात, आणि अधिकारी तेच आकडे धरतो. म्हणून कॅस हातात आल्यावर भरलेले पैसे त्यावर दिसतात का, ते आधी बघा. दिसत नसतील तर विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या. दुसरा भाग राहण्या-जेवणाचा. ११ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी तो लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. कोर्स बारा महिन्यांचा असला तरी नऊच महिने धरतात.

एक उदाहरण घेऊ. लेस्टरला एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारी मुलगी. फी १९,५०० पौंड, त्यातली ८,००० भरून झाली, उरली ११,५००. राहणी १,१७१ गुणिले ९, म्हणजे १०,५३९. एकूण २२,०३९ पौंड. पौंड १२० रुपयांना आहे असं धरलं, तर २६,४४,६८० रुपये. वडिलांच्या बचत खात्यात एफडी मोडून आलेले २६,६०,००० रुपये आहेत. वर फक्त पंधरा हजार उरतात, आणि तिथेच गडबड होते.

ती दोन बाजूंनी होते. पहिली बाजू दराची. रुपयांचं पौंडात रूपांतर अर्ज केलेल्या दिवशीच्या दराने होतं, आणि त्यासाठी oanda.com वरचा दर धरतात. बँकेचा किंवा गुगलवर दिसलेला दर चालत नाही. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरलेली तारीख. त्या दिवशी पौंड १२२ झाला, तर लागतात २६,८८,७५८ रुपये, आणि आपले २६,६०,००० अठ्ठावीस दिवस जागचे हलले नसले तरी कमी पडतात. म्हणून या उदाहरणात २८ लाख ठेवायला सांगू. हा उरलेला पैसा वाया जात नाही, व्हिसा आल्यावर तोच पुढे लागतो.

दुसरी बाजू मधल्या खर्चाची. समजा, ३ जूनला एफडीचे पैसे खात्यात आले. ३ ते ३० जून असे २८ दिवस भरतात. पण १७ जूनला विम्याचा ४०,००० रुपयांचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक २६,२०,००० वर आली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पन्नास हजार परत भरले. घरच्यांच्या लेखी विषय मिटला. अधिकाऱ्याच्या लेखी मात्र १७ जूनला रक्कम २६,४४,६८० च्या खाली गेली, त्यामुळे मोजणी १८ जूनपासून पुन्हा सुरू होते आणि १५ जुलैला पूर्ण होते. ३० जूनचं स्टेटमेंट लावून २ जुलैला अर्ज केला असता, तर एका दिवसासाठी नकार आला असता. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या खात्याशी जोडलेले सगळे ऑटो डेबिट, एसआयपी, ईएमआय, वीजबिल दुसऱ्या खात्यावर टाकायचे आणि त्याचं डेबिट कार्ड कपाटात ठेवायचं.

स्टेटमेंट जुनंही असता कामा नये. शेवटच्या शिलकीची तारीख आणि अर्जाची तारीख यांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ३० जूनला संपणारं स्टेटमेंट ३१ जुलैपर्यंत वापरता येतं, त्यानंतर नवं काढावं लागतं. कॅस यायला वेळ लागला की इथेच अडकायला होतं. पैसे महिनाभर ठेवले, स्टेटमेंट काढलं, आणि अर्ज मात्र सहा आठवड्यांनी केला.

आता प्रत्यक्ष कागद. त्यावर खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, बँकेचं नाव आणि लोगो, स्टेटमेंट काढल्याची तारीख, आणि २८ दिवसांच्या सगळ्या नोंदी शिलकीसह दिसल्या पाहिजेत. हे लिहायला सोपं वाटतं, पण आपल्याकडची काही खाती नेमकी यातच फसवतात. शेवटची नोंद १२ जूनची असेल आणि नंतर खात्यात काहीच हालचाल नसेल, तर काही प्रिंटआउट तिथेच संपतात. मग ३० जूनला पैसे होते, हे कागद सांगतच नाही. वर ‘१ जून ते ३० जून’ असा कालावधी आणि खाली ३० जूनची शिल्लक छापलेलं स्टेटमेंट मागा. तशी सोय नसेल, तर त्या तारखेची शिल्लक सांगणारं पत्र शाखेच्या लेटरहेडवर घ्या.

सर्वांत जास्त गोंधळ ऑटो स्वीपच्या खात्यांत होतो. अशा खात्यात ठरलेल्या मर्यादेवरचे पैसे बँक आपोआप एफडीत वळवते. खातेदाराला वाटतं पैसे खात्यातच आहेत, आणि त्याच्या ॲपवर तशी बेरीजही दिसते. पण छापील स्टेटमेंटवर बचत खात्याची शिल्लक पंचवीस हजार असते आणि उरलेल्या रकमेचा पत्ता नसतो. अधिकारी ॲप बघत नाही. अठ्ठावीस दिवस सुरू होण्याआधीच स्वीप बंद करून सगळी रक्कम साध्या बचत खात्यात आणून ठेवणं उत्तम. एफडी वेगळी असेल आणि मोडायची नसेल, तर बँकेचं पत्र हवं: ठेवीची तारीख, रक्कम, आणि पैसे लगेच काढता येतात हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. ठेवीला २८ दिवस झालेले असावेत. मुदत संपेपर्यंत मोडताच येत नाही अशी कर बचतीची पाच वर्षांची एफडी उपयोगाची नाही. शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ आणि सोनं तर मोजलंच जात नाही.

आता जो कागद लोक हौसेने मागवतात, त्याबद्दल. बॅलन्स सर्टिफिकेट एका दिवसाची शिल्लक सांगतं, त्यामुळे एकटं ते अपुरं. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, त्यावर फ्लॅट आणि शेतजमिनीची किंमत, ही फाईल जाड करते, एवढंच.

खातं कोणाचं? विद्यार्थ्याचं स्वतःचं, किंवा आई-वडिलांचं, किंवा कायदेशीर पालकाचं. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ चालत नाहीत, त्यांनी कितीही प्रेमाने दिले तरी. त्यांना मदत करायची असेल, तर त्यांनी पैसे आधी आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या खात्यावर द्यावेत आणि दिवस तिथून मोजावेत. आई-वडिलांचं खातं वापरलं, तर सोबत दोन गोष्टी लागतात: नातं सिद्ध करणारा जन्मदाखला, आणि मुलाने हे पैसे शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे, अशी सही केलेलं पत्र. पत्रात विद्यार्थ्याचं नाव आणि आपलं नातं स्पष्ट लिहा.

महाराष्ट्रातली अडचण बहुधा नावांत असते. स्टेटमेंटवर ‘पाटील आर एस’, जन्मदाखल्यावर ‘रमेश शंकर पाटील’, आणि मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘रमेशराव’. तिन्ही एकच माणूस, हे परक्या अधिकाऱ्याला कळणार कसं? बँकेकडून पूर्ण नावाचं स्टेटमेंट काढा, किंवा पूर्ण नाव सांगणारं पत्र जोडा. जुन्या दाखल्यावर मुलाचं नावच नसेल, तर आधी नगरपालिकेकडून नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यात वेळ जातो. दाखला फक्त मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क, आणि हे भाषांतर अचूक आहे असं त्याचं लेखी म्हणणं हवं.

पतसंस्थेतल्या ठेवींबद्दल थोडं सावध राहा. संस्थेची पडताळणी करता येणं, तिच्यावर योग्य नियमन असणं आणि नोंदी संगणकावर असणं या अटी आहेत. गावच्या पतसंस्थेतून पैसे काढून मोठ्या बँकेत आणले आणि तिथे अठ्ठावीस दिवस ठेवले, तर वाद उरत नाही.

पैसे आले कुठून, हा प्रश्न इथे प्रत्येकाला आपोआप विचारला जात नाही, पण अधिकारी तो विचारू शकतो. २८ दिवसांच्या तोंडावर एकदम पंचवीस लाख आले असतील, तर एफडी मोडल्याची पावती किंवा जमीन विकल्याचा दस्त हाताशी असू द्या. आणि ‘फंड दाखवून देतो’ म्हणणारे एजंट? ते टक्केवारीवर महिनाभर पैसे ठेवतात, कधी तर बनावट स्टेटमेंटच देतात. बँकेकडे पडताळणी होऊ शकते. अर्जात फसवणूक ठरली, तर नकाराबरोबर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि ती एजंटला भोगावी लागत नाही.

शिक्षणकर्ज असेल तर अठ्ठावीस दिवसांची अट नाही. मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं असावं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने शिक्षणासाठी असावं, आणि पैसे प्रवासाआधी मिळतील किंवा थेट विद्यापीठाला जातील हे त्यात दिसावं. वडील सहकर्जदार असतील तर हरकत नाही. पण वडिलांच्या एकट्याच्या नावावरचं घरतारण कर्ज शैक्षणिक कर्जात बसत नाही. असे पैसे बचत खात्यावर घेऊन पुन्हा २८ दिवस मोजावे लागतात. कर्ज थोडं आणि खातं थोडं असंही चालतं; बेरीज जमली पाहिजे, आणि प्रत्येकाची आपापली अट पुरी झाली पाहिजे.

शेवटी अपलोडचं. बँकेने मेलवर पाठवलेल्या पीडीएफला बहुतेक वेळा पासवर्ड असतो. ती तशीच चढवली, तर समोरच्याला उघडत नाही आणि तो फोन करून विचारत नाही. ती एकदा उघडा, ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून नवी फाईल बनवा, मग दुसऱ्या मोबाइलवर पासवर्डशिवाय उघडते का, ते बघा.