फेब्रुवारीच्या पगारातले तीनशे रुपये

फेब्रुवारी २०१३. अर्थसंकल्पाच्या आधीचे दिवस, त्यामुळे रात्री नऊच्या आत घरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी तेव्हा वित्त विभागात कक्ष अधिकारी होतो. माण, जत, सांगोला, बीड, जालना, सगळीकडून टँकर आणि चारा छावण्यांच्या मागण्या येत होत्या. त्यातच एका खात्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया दुष्काळ उपकर बसवावा, त्याचा वेगळा निधी करावा आणि तो पैसा टँकर-छावण्यांशिवाय कुठेही खर्चू नये, असं त्यात म्हटलं होतं.

मी मूळचा माण तालुक्यातला. १९७२ला आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, आणि दुपारी मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणायची. त्यामुळे या फाईलवर माझं मन आधीच ठरलेलं होतं. अनुकूल टिपणी लिहिली आणि रोजगार हमीचा दाखला दिला. व्यवसाय कराचा कायदा १९७५चा, तो कर रोजगार हमीसाठी लावला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचं आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. पुढे १९७७च्या हमी कायद्यात वेगळा निधी आला, आणि करातून जेवढं जमा होईल तेवढीच भर राज्यानेही घालायची असं ठरलं. महाराष्ट्राने देशाला दाखवलेला रस्ता आहे, तोच पुन्हा धरू, असा माझ्या टिपणीचा सूर होता.

दुपारी उपसचिव मॅडमनी बोलावलं. फाईल उघडी होती, शेरा काहीच नव्हता. त्यांनी विचारलं, "या महिन्यात तुमचा व्यवसाय कर किती कापला?"

"तीनशे. एरवी दोनशे."

"अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. सचिवांचा किती कापला?"

"तेवढाच."

"का?"

उत्तर माहीत होतं. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदात या कराला वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा आहे आणि ती १९८८पासून तीच आहे. मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "डावीकडे लिहा, हा कर कशामुळे वाढतो. उजवीकडे लिहा, हमीचा खर्च कशामुळे वाढतो. संध्याकाळी या."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात जुन्या अर्थसंकल्पाची पुस्तकं काढून संध्याकाळपर्यंत बसलो.

डाव्या बाजूला आलं ते असं. मुंबई, पुणे, ठाण्यात नोकऱ्या वाढल्या की कर वाढतो. महागाई कितीही वाढो, माणशी रक्कम अडीच हजारांवरच थांबते. उजव्या बाजूला आलं पाऊस, पेरणी, मजुरीचा दर आणि कामावर आलेल्या माणसांची संख्या. दोन्ही बाजूंना सामाईक असं एकही कारण नव्हतं. पाऊस चांगला झाला की मजूर शेतावर जातात, मस्टरवर नावं कमी होतात, पण मुंबईतल्या पगारातून कपात चालूच राहते. मग निधी फुगतो. दुष्काळ पडला की मागणी कित्येक पट होते, पण त्या वर्षी मुंबईत नोकऱ्या कित्येक पट होत नाहीत. मग निधी पुरत नाही आणि बाकीचं सर्वसाधारण महसुलातूनच आणावं लागतं. म्हणजे नको तेव्हा पैसा जास्त, हवा तेव्हा कमी.

त्याहून मला हलवलं ते दुसऱ्या गोष्टीने. कामगाराच्या पगारातून कापलेला रुपया थेट निधीत जातच नाही. घटनेप्रमाणे तो आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, इतर सगळ्या करांबरोबर. तिथून तो बाहेर काढायचा तर विधिमंडळाने दरवर्षी विनियोजन, म्हणजे खर्चाची परवानगी, मंजूर करावं लागतं. मग तो लोकलेख्यात, म्हणजे सरकारच्या वेगळ्या हिशेबात, त्या निधीच्या नावे वर्ग होतो. त्या वर्षी कमी वर्ग झाला, तर करदात्याला त्याचा पत्ताही लागत नाही. निधीची शिल्लक म्हणजे कुठे कुलपात ठेवलेल्या नोटा नव्हेत, ती हिशेबातली नोंद आहे. त्या दिवसाचा पगार आणि त्या दिवसाचा टँकर एकाच तिजोरीतून जातात. वेगळा निधी आहे म्हटल्यावर आम्हीच त्या खात्याची नेहमीची तरतूद हळूच कमी करतो, हेही मला माहीत होतं. मी स्वतः ते केलेलं होतं. उपकराचा एक रुपया आला म्हणून दुष्काळावर एक रुपया जादा खर्च होईलच, असं म्हणता येत नाही.

आणि २००६पासून परिस्थिती आणखी बदलली होती. केंद्राच्या रोजगार हमीत शंभर दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी तेव्हा केंद्र देत होतं. राज्याचा भार पूर्वीसारखा राहिला नाही, तरी व्यवसाय कर तसाच होता. हेतू बदलतो, कर बदलत नाही. मग त्या पैशासाठी कामं शोधली जातात.

संध्याकाळी कागद घेऊन गेलो. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "यात अजून एक तारीख घाला. व्यवसाय कर कधीचा?"

"पंचाहत्तरचा."

"आणि तुमच्या आई खडी फोडत होत्या ते?"

"बहात्तरला."

बोलून झाल्यावर मलाच गप्प व्हावं लागलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. त्या वेळी हा कर नव्हता, हा निधी नव्हता. पैसा सर्वसाधारण तिजोरीतून आणि केंद्राच्या मदतीतून आला. आईच्या हजेरीचा पैसा कुठल्याही राखीव करातून आलेला नव्हता.

तरी मी मॅडमशी वाद घातला, आणि आजही तो मुद्दा मला पटतो. दुष्काळात सगळेच देतात. पाऊस पडल्यावर, लोकांच्या नजरा वळल्यावर, योजना जिवंत कोणी ठेवली? हमीसाठीच लावलेल्या करामुळे शहरातल्या माणसाला आपण नेमकं कशासाठी देतोय ते सांगता आलं. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला राजकारणात एवढी वर्षं पाठिंबा टिकला, त्यात त्या कराचा वाटा होता.

मॅडम म्हणाल्या, "पाठिंब्याला मदत झाली असेल. पण आपला मजूर दारात उभा राहून काय म्हणतो? 'निधीत शिल्लक आहे' असं नाही म्हणत. 'काम मागितलंय, पंधरा दिवसांत द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या' असं म्हणतो. ते बळ त्याला हमी कायद्याने दिलं, कराने नाही. या प्रस्तावात मला कर दिसतोय. टँकर किती दिवसांत आला पाहिजे, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. शिवाय तो उपकर एप्रिलपासून लागू झाला असता आणि पुरेसा जमा व्हायला पावसाळा उजाडला असता. छावणीवाल्यांची बिलं मार्चमध्येच द्यायची होती.

रात्री टिपणी नव्याने लिहिली. उपकराला सहमती नाही. टँकर आणि छावण्यांसाठी पुरवणी मागणी, तोवर गरजेपुरता आकस्मिकता निधी. महसूल वाढवायचाच असेल तर नेहमीच्या करातून वाढवावा आणि खर्चाची मागणी दरवर्षी इतर मागण्यांच्या रांगेत उभी राहून सभागृहापुढे यावी. शेवटी एक परिच्छेद माझा होता. तो मॅडमनी खोडला नाही. तरीही उपकर लावायचं ठरलंच, तर त्याला समाप्तीची तारीख असावी आणि गावाने मागणी केल्यापासून किती दिवसांत टँकर पोचेल, ते आदेशातच लिहावं.

घरी जाताना आईला फोन केला. तिला विचारलं, तेव्हा पैसे वेळेवर मिळायचे का. ती म्हणाली, "आठवड्याला वाटप असायचं. एकदा तीन आठवडे झालं नव्हतं, तवा आम्ही सगळ्या बाया तहसिलीवर चालत गेलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परिच्छेदात दिवसांचा आकडा रिकामा होता, तिथे मी 'तीन' लिहिलं आणि फाईल वर पाठवली.