सतरा नंबरच्या निऱ्या

लग्नसराईत नवरीला नऊवारी नेसवणं हे माझं वीस वर्षांचं काम. अमळनेर, पारोळा, चोपडा, कधी धुळ्यापर्यंत जाते. पण नेसवताना बाई समोर असते. कंबरेला हात लावला की गाठ सैल आहे की घट्ट, ते लगेच कळतं. नुसते फोटो बघून नऊवारीला गुण देण्याची वेळ गेल्या श्रावणात पहिल्यांदा आली. कानबाईच्या सणानिमित्तानं आमच्या भागातल्या बायकांच्या मंडळानं स्पर्धा ठेवली होती. निकष तीन: निऱ्यांचा नीटसपणा, लांबी आणि हालचालीची मोकळीक. प्रत्येकाला दहा गुण.

मी आधीच सांगितलं होतं की एकेकीचे चार फोटो हवेत: समोरून, पाठीमागून, बाजूनं, आणि चौथा एक पाय पायरीवर ठेवून. फोन कंबरेच्या उंचीवर धरायचा आणि आठ-दहा फूट लांबून काढायचा. डोक्याच्या उंचीवरून काढला तर काठ आणि पाऊल यांच्यामधलं अंतर दबून कमी दिसतं, आणि आखूड नेसलेलं लुगडंही पुरतं लांब वाटतं. तरी निम्म्या जणींनी उभ्या उभ्या वरूनच काढले होते. त्यांच्या लांबीचे गुण मी बाजूच्या फोटोवरून दिले. पुढचा आणि मागचा काठ एका रेषेत आहे का, एवढं तिथं नक्की दिसतं. काष्टा मागे जोर लावून वर ओढला असेल तर पोटरीवरचा काठ चढलेला असतो आणि पुढचा पावलावर लोळत असतो.

सकाळी दहा वाजता आम्ही तिघं बसलो: मी, माझी नणंद आणि गावातले एक फोटोग्राफर अण्णा. सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. शिवलेल्या नऊवाऱ्या पहिल्या तासातच बाजूला काढल्या. शिवलेल्यात निऱ्या वरपासून खालपर्यंत एकाच मापाच्या असतात आणि कंबरेशी खोचल्याचा फुगवटा नसतो. स्पर्धा नेसण्याची होती, म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या.

सतरा नंबर उघडला आणि नणंद म्हणाली, "वहिनी, हिला दहापैकी दहा." खरंच तशाच निऱ्या होत्या. हिरवं रेशमी लुगडं, लाल काठ, प्रत्येक निरी चार बोटांची, काठावर काठ बरोबर बसलेला. पाठीमागून पदर थेट पोटरीपर्यंत सोडलेला. मीही नीटसपणाला दहा लिहिले, लांबीला नऊ.

मग पायरीवरचा फोटो आला. उचललेल्या गुडघ्यापासून पलीकडच्या कंबरेपर्यंत तिरप्या, ताणलेल्या तीन सुरकुत्या होत्या. निऱ्या पुढे मोकळ्या लोंबायला हव्यात, त्या दोन मांड्यांमध्ये दोरीसारख्या आवळल्या होत्या. उचललेल्या पायाचा काठ वीतभर वर गेला होता. पायरी साधारण अर्ध्या फुटाची, त्यामुळे मोजायला मापही हाताशी होतं. अण्णा म्हणाले, "उभं राहण्यातच चूक असेल." मी पाठीमागचा फोटो मोठा करून दाखवला. काष्ट्याच्या पट्ट्यावर एकही सैल घडी नव्हती आणि खोचलेल्या जागेशेजारी बारीक चांदणीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. तिथं आत पिन असते. कापड पिनेच्या टोकाशी ओढलं जातं आणि चहूबाजूंनी चुण्या पडतात.

सासूबाईंनी वाती बाजूला ठेवून फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "बसता उठता येस का तिले?"

कारण पाठीमागच्या फोटोतच होतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्यातूनच पदर, कंबरेचा वेढा आणि निऱ्या काढायच्या. पदर पोटरीपर्यंत सोडला की त्यात हात-दीड हात जास्तीचं कापड जातं, आणि ते निऱ्यांमधून कमी होतं. निऱ्या कमी झाल्या की दोन पायांमधला घोळ कमी होतो. मग मधल्या निऱ्या मागे नेऊन काष्टा खोचला की कापड ताठ बसतं. समोरून ते फार देखणं दिसतं, कारण ताणलेल्या कापडाला चुणी पडतच नाही. तिच्या निऱ्यांचा निम्मा नीटसपणा या ताणातून आलेला होता. मोकळीकीला मी चार दिले.

एकोणतीस नंबर याच्या उलट. वापरून मऊ झालेलं सुती लुगडं. निऱ्या कुठे तीन बोटांच्या, कुठे पाच. नीटसपणाला पाच. पण पायरीवरच्या फोटोत त्या निऱ्या पंख्यासारख्या उघडल्या होत्या, काठ जेमतेम दोन बोटं चढलेला, मागे काष्ट्याला ढिली घडी. शेतात कपाशी वेचणाऱ्या बायका असंच नेसतात, फक्त काठ गुडघ्याकडे चढवून. मोकळीकीला दहा, लांबीला आठ. दोघींची बेरीज तेवीसच.

दुपारी आठ नंबरवर नणंदेनं जवळजवळ काट मारलीच होती. पदर उजव्या खांद्यावर दिसत होता. तिला वाटलं, गुजरातकडची पद्धत मिसळली. इकडे तशा घरच्या सुनाही आहेत, म्हणून संशय चुकीचा नव्हता. पण मागे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावरचे आकडे उलटे होते. फोटो फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला. अण्णांनी उलटवला, पदर डाव्या खांद्यावर आला. तेव्हा मी परत मागे जाऊन तिच्यासारखे सगळे फोटो कॅलेंडर, घड्याळ, दारावरचं नाव असं काही ना काही धरून तपासले. आणखी दोन उलटे निघाले. आठ नंबरचे गुण झाले आठ, आठ, नऊ. पहिला नंबर तिचा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फोटोतून कळेना: नेसल्यावर किती वेळ टिकतं. रेशीम घसरतं, सूत चुरगळतं, आणि दोन्ही प्रकार पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. म्हणून मी पहिल्या चौघींना फोन करून सांगितलं की पाच फुगड्या घाला आणि लगेच पाठीमागून फोटो पाठवा. आठ नंबरच्या निऱ्या थोड्या विस्कटल्या, काष्टा जागेवर. एकोणतीसच्या निऱ्यांचा गोळा झालेला, पण गाठ बेंबीवरून हललेली नव्हती. सतराचा फोटो आलाच नाही.

संध्याकाळी तिनं स्वतः फोन केला. आवाजावरून कॉलेजची मुलगी वाटली. "मावशी, दुसऱ्या फुगडीलाच पिन निघाली आणि टोचली." जोरात लागली का विचारलं, तर नाही म्हणाली. मग मी तिला फोनवरच सांगितलं: पदर हातभर कमी कर, तेवढं कापड निऱ्यांत घे. मागे खोचताना पाय दीड हात फाकव, गुडघे थोडे वाकव आणि त्याच अवस्थेत काष्टा खोच. सरळ उभी राहशील तेव्हा मागे चार बोटं ढील उरली पाहिजे. पिन लावू नकोस, खोचलेली टोकं आत दुमडून दाबून बसव.

"पण मग समोरून निऱ्या इतक्या सरळ नाही राहणार ना?"

नाही राहणार, असं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रविवारी कानबाईचे रोट आहेत आमच्याकडे. त्या दिवशी नेसून बघते."

सोमवारी तिचा फोटो आला. पाटावर मांडी घालून जेवायला बसलेली, निऱ्या मांडीवर पसरलेल्या, काठ घोट्याशी.